मुद्रा कर्जाच्या अर्जाला टपरीचं रेंडर जोडावं का?

मदत हवी आहे. मी आर्किटेक्चरची विद्यार्थिनी. कॉलेजजवळच्या चहावाल्या काकांना मुद्राच्या शिशु गटातून (50,000 रुपयांपर्यंत) कर्ज घेऊन टपरी नीट करायची आहे. अर्जाला जोडायला त्यांनी माझ्याकडे "नीटनेटक्या टपरीचं" चित्र मागितलंय.

जागा मोजून 6 बाय 4 फुटांचं मॉडेल स्केचअपमध्ये केलं. स्टीलचा ओटा, सिलिंडरसाठी जाळीचा कप्पा, गंजक्या पत्र्याऐवजी नवं छप्पर. फॅब्रिकेटरचं 38,000 चं कोटेशन आहे, परवाना काकांच्या नावावर आहे. छप्पर परवान्याच्या मापाबाहेर काढलेलं नाही, कोटेशनमध्ये नसलेली एकही वस्तू चित्रात नाही.

अडचण अशी की काकांना चित्र अगदी फोटोसारखं हवंय, आणि आजची काळवंडलेली टपरी कुठेच दिसायला नकोय. पण बँकेचा माणूस पाहणीला आला तर समोर ताडपत्रीच दिसणार. मग खरा हिशोबही खोटा वाटेल, ही मला भीती आहे. म्हणून एकाच पानावर वर आजचा फोटो, खाली "प्रस्तावित" लिहिलेलं रेखाचित्र मापांसकट द्यावं असं वाटतं.

कर्ज विभागात काम केलेल्यांनी सांगावं: एवढ्या छोट्या अर्जात असं पान उपयोगी पडतं, की फक्त कोटेशन आणि सध्याचा फोटो पुरतो?