बेंच प्रेस ७० किलोंवर अडला: आधी विश्रांती बदलावी की व्यायामप्रकार?

फोंड्याचा नवखा:
पावसाळा सुरू झाल्यापासून माझा फ्लॅट बेंच प्रेस ७० किलोंच्या पुढे सरकत नाही. आठवड्यातून दोनदा पाच-पाच रेप्सचे पाच सेट करतो आणि दोन सेटांमध्ये दीड मिनिट थांबतो. पहिले तीन सेट पूर्ण होतात, चौथ्यात चार आणि पाचव्यात तीनच रेप्स निघतात. बार छातीपासून चार बोटे वर येऊन अडतो. ७५ लावले की तिसऱ्या रेपनंतर मदत लागते. रेप्स बदलू, विश्रांती वाढवू की इन्क्लाइन, डंबेल असे प्रकार घेऊ?

मांडवीकाठ:
माझे मत स्पष्ट आहे: प्रकार बदला. शरीराला एकच हालचाल महिनोन्‌महिने दिली की ते तिला सरावते आणि मग वाढ थांबते. एका दिवशी इन्क्लाइन, दुसऱ्या दिवशी डंबेल, पुढच्या आठवड्यात डिक्लाइन असे फिरवत राहिलात तर स्नायूंना अंदाजच येत नाही. मी वर्षानुवर्षे असाच व्यायाम करत आलो आहे आणि दुसऱ्या दिवशी छाती दुखली नाही असे सहसा होत नाही.

लोखंडजुना:
मांडवीकाठबाब, छाती दुखणे हा नवेपणाचा पुरावा आहे, ताकद वाढल्याचा नव्हे. दर वेळी नवा प्रकार घेतला की पहिले दोन-तीन आठवडे वजन झपाट्याने चढते, कारण शरीर ती हालचाल शिकत असते. ते शिकून होईपर्यंत आपण पुढच्या प्रकारावर गेलेले असतो आणि फ्लॅट बेंचवर परत आलो की बार तिथेच असतो.

फोंडेकरबाब, तुमच्या आकड्यांकडे नीट पाहा. तीन सेट पूर्ण आणि मग चार, तीन अशी उतरण असेल तर ७० किलो उचलण्याची ताकद तुमच्याकडे आहे, ती दीड मिनिटात भरून येत नाही एवढेच. पहिल्याच सेटचा पाचवा रेप थरथरत वर गेला असता, तर मी वेगळे सांगितले असते. म्हणून पुढच्या दोन वेळा वजन, सेट, रेप्स काहीही बदलू नका; केवळ विश्रांती साडेतीन-चार मिनिटांची करा आणि घड्याळ लावूनच करा. पाचही सेट भरले तर दोष कुठे होता ते कळेल. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला हे कधीच समजणार नाही.

आणखी एक: सोबत्याची बोटे बारला लागलेले रेप्स मोजू नका. आमच्याकडे निम्म्या लोकांचे बेंचचे आकडे सोबत्याच्या खांद्यांनी उचललेले असतात.

म्हापशाचा रात्रपाळीवाला:
हे कागदावर ठीक आहे. मी हॉटेलात कामाला असल्यामुळे संध्याकाळी सहालाच जिममध्ये जाऊ शकतो, आणि त्या वेळी एका बेंचभोवती चार जण उभे असतात. पाच सेट आणि प्रत्येकानंतर चार मिनिटे म्हणजे वीस-पंचवीस मिनिटे बेंच अडवून ठेवायचा. लोक तोंडावर काही बोलत नाहीत, पण प्लेटा काढून नेतात. मी एक मिनिटात पुढचा सेट मारतो आणि माझी छाती व्यवस्थित भरली आहे.

लोखंडजुना:
छाती भरणे आणि बार वर जाणे यांत फरक आहे. अर्थात प्रशिक्षित पुरुषांवरच्या २०१६ च्या एका अभ्यासात एक मिनिट थांबणाऱ्यांपेक्षा तीन मिनिटे थांबणाऱ्यांची ताकद अधिक वाढली होती आणि काही स्नायूंची जाडीसुद्धा. गर्दीवर उपाय असा की दोघांनी आळीपाळीने एकच बेंच वापरावा. सोबत्याचा सेट आणि प्लेटा बदलणे यांत तीन मिनिटे सहज जातात.

काणकोणचा मास्तर:
छातीचा घेर वाढवायचा असेल तर बेंच हवाच कशाला? दंड-बैठका काढा, सोबत केबल फ्लाय करा. माझा घेर त्यानेच वाढला.

केपेची बाय:
मास्तर, प्रश्न घेराचा नाही, बारवरच्या वजनाचा आहे. मला मात्र इथे सगळ्यांनी सोडून दिलेली एक गोष्ट दिसते. आपल्याकडच्या बहुतेक लहान जिममध्ये सर्वांत हलकी प्लेट अडीच किलोंची असते. दोन्ही बाजूंना एकेक लावली की उडी थेट पाच किलोंची होते, म्हणजे ७० वरून ७५. ही सात टक्क्यांची वाढ आहे; मी ३५ किलोंवर होते तेव्हा तर तीच उडी चौदा टक्क्यांची होती. सव्वा किलोंच्या दोन प्लेटा मी स्वतः विकत घेतल्या आणि पिशवीत घालून नेते. आणि तो बार एकदा वजनकाट्यावर ठेवा. आमच्या जिममधला जुना, गंजलेला बार वीस किलोंचा म्हणून सगळे मोजत होते, तो पंधराचा निघाला.

फोंड्याचा नवखा:
बार वीसचाच आहे, मोजून पाहिला. चार मिनिटे थांबून दोन वेळा केले. पहिल्या वेळी शेवटच्या सेटमध्ये चार निघाले, दुसऱ्या वेळी पाचही सेट पूर्ण झाले. मात्र अडतो तो चार बोटांवरच. आता पुढे काय?

लोखंडजुना:
आता रेप्स आणि प्रकार यांची पाळी. सोमवारी ७२.५ किलोंवर तीन-तीन रेप्सचे पाच सेट, चार मिनिटे थांबून; त्यासाठी बायने सांगितलेल्या प्लेटा घ्याच. गुरुवारी ६० किलोंवर आठ-आठचे चार सेट, अडीच मिनिटे थांबून; प्रत्येक सेट संपताना आणखी दोन रेप्स निघाले असते असे वाटले पाहिजे. सोमवारचे सगळे सेट स्वच्छ निघाले की पुढच्या आठवड्यात अडीच किलो वाढवा, एक जरी चुकला तर तेच वजन पुन्हा. पाच-सहा आठवड्यांनी ७० किलोंवर सलग किती निघतात ते पाहा.

प्रकार एकच घ्या आणि तो अडण्याच्या जागेवरून निवडा. तुमचा बार छातीजवळ अडतो, म्हणून गुरुवारी शेवटी ५५ किलोंवर थांबा घेऊन बेंच करा: बार छातीला टेकवायचा, दोन सेकंद तिथेच ठेवायचा आणि मग ढकलायचा, चार-चारचे तीन सेट. छातीवरून उसळी घ्यायची सवय असेल तर पहिल्याच सेटमध्ये उघडी पडेल. कोपर सरळ होताना अडत असता तर मी हात जवळ घेऊन, साधारण खांद्याइतक्या अंतरावर पकडून बेंच करायला सांगितले असते.

मांडवीकाठ:
म्हणजे शेवटी प्रकार बदललाच की! आणि मी सांगितलेले इन्क्लाइन-डंबेल निरुपयोगी नाहीत. वर्षभर सरळ बारच धरल्याने माझा खांदा पुढून दुखू लागला होता, डंबेल घेतल्यावर थांबला.

लोखंडजुना:
खांद्याबाबत तुमचे म्हणणे मान्य आहे. माझा विरोध दर आठवड्याला बदलण्याला आहे. एखादा प्रकार धरला की महिनाभर तरी धरावा, म्हणजे त्याचा हिशेब लागतो.

केपेची बाय:
मला आठ रेप्सचा दिवस अनावश्यक वाटतो. विश्रांती वाढवताच पाच सेट भरले, तर त्याच पाच-पाचवर सव्वा-सव्वा किलोंच्या प्लेटांनी ७२.५ वर का जाऊ नये? चालते आहे तोवर रेप्सला हात कशाला लावायचा? शिवाय फोंडेकरबाब श्रावणात मासळी सोडत असतील आणि जेवण भात-वरणावर आले असेल, तर प्रथिने आणि वजन दोन्ही उतरले असेल. बेंचवर त्याचा परिणाम लवकर दिसतो.

लोखंडजुना:
तसेही करून पाहता येईल, पण त्याने दोन-तीन आठवड्यांत पुन्हा अडेल असा माझा अंदाज आहे, कारण दोन्ही दिवस तितकेच जड राहतात. हलका दिवस नसेल तर थकवा साठत जातो.

फोंड्याचा नवखा:
श्रावणात मासे बंदच होते आणि माझे वजन दोन किलो उतरले आहे. आधी बायच्या पद्धतीने पाच-पाच करत ७२.५ वर जातो. पहिल्या सेटचाच पाचवा रेप अडू लागला की लोखंडजुनाबाबांची सोमवार-गुरुवारची मांडणी सुरू करतो. थांबा घेऊन करायचा बेंच मात्र याच गुरुवारपासून.