डाय बदलण्याची सूचना: वाचता येणाऱ्यांसाठी आणि जेमतेम वाचणाऱ्यांसाठी

> "पॉवर प्रेसवर डाय बदलताना पाळायची सूचना मराठी-इंग्रजीत लावायची आहे. काही कामगार आयटीआयवाले, काहींना अक्षरं जुळवत वाचावं लागतं. कशी लिहू?"

फॉन्टबद्दल नाही, मी ओळींच्या क्रमाबद्दल सांगतो. एका ओळीत एकच कृती, आणि हात ज्या क्रमाने चालतात त्याच क्रमाने:

1. मोटर बंद करा.
2. फ्लायव्हील पूर्ण थांबू द्या.
3. मेन स्विच बंद करा.
4. स्विचला कुलूप लावा.
5. चावी स्वतःच्या खिशात ठेवा.
6. रॅमखाली सेफ्टी ब्लॉक लावा.
7. मगच डायला हात लावा.

दुसरी ओळ गाळू नका. मेकॅनिकल प्रेसची मोटर बंद झाली तरी फ्लायव्हील फिरत राहतं, आणि तेवढ्यात क्लच लागला तर रॅम खाली येतो. "थांबल्याशिवाय हात घालू नये" असं लिहू नका. अडखळत वाचणाऱ्याच्या लक्षात "हात घाला" एवढंच राहतं.

मराठी वर, मोठ्या अक्षरात. इंग्रजी खाली, तितक्याच ओळींत. आकडे मात्र दोन्हीकडे इंग्रजी. मराठी ४ घाईत इंग्रजी आठसारखा दिसतो. चित्रं काढण्यापेक्षा तुमच्याच प्रेसच्या स्विचचा आणि ब्लॉकचा फोटो त्या-त्या ओळीशेजारी लावा.

छापण्याआधी सर्वांत कमी वाचणाऱ्या ऑपरेटरला कच्चा कागद द्या, बंद मशीनपाशी उभं करा आणि करून दाखवायला सांगा. "समजलं का?" विचारलंत तर सगळे हो म्हणतात. जिथे तो थबकेल ती ओळ बदला. इंग्रजी मजकूर त्यानंतर लिहा, नाहीतर तोच मूळ होऊन बसतो.