लेखापरीक्षणातल्या आक्षेपाला उत्तर: राहिलेली नोंद

"खरेदी झाली होती, साठा नोंदवहीत नोंद राहिली. आता काय लिहू?"

नोंद राहिली, हेच पहिल्या ओळीत लिहा. सातारा जिल्ह्यात ग्रामसेवक असताना मला असाच आक्षेप आला होता: बिल 40 पथदिव्यांचं, साठ्याला जमा 34. पहिल्या मसुद्यात मी कामाचा ताण, अपुरे कर्मचारी असं पानभर लिहिलं. विस्तार अधिकाऱ्यांनी एवढंच विचारलं, "यातला पुरावा कुठला?" मग उत्तर असं झालं: "6 दिव्यांची नोंद राहिली, हे मान्य. 40 दिवे मिळाल्याची पोच प्रमाणक क्र. 57 सोबत आहे. 5 दिवे थेट खांबांवर बसवले, खांबनिहाय यादी परिशिष्ट 2. एक दिवा आढळला नाही, त्याची रक्कम भरल्याची पावती परिशिष्ट 3. नोंद आज घेतली, पान 23."

मागच्या तारखेनं नोंद मात्र अजिबात घुसवू नका. त्या पानावर लेखापरीक्षकाची सही आधीच पडलेली असते, दोन ओळींमध्ये कोंबलेली शाई लगेच दिसते आणि साधं विसरणंही संशयास्पद ठरतं. आजच्या तारखेनं लिहा, शेऱ्यात आक्षेप क्रमांक टाका, त्याच पानाची साक्षांकित प्रत जोडा.