ओपन माइकला मराठी नाव: मैफल, कट्टा की आणखी काही?

अक्षरवेडा: दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आम्ही कविता-गाण्यांचा ओपन माइक घेतो. नाव 'खुला मंच'. पत्रकावर शोभतं, पण 'खुल्या मंचाला येतेस का?' असं कुणीच विचारत नाही. मला 'मैफल' सुचलं, तर सहकारी म्हणते तो शब्दच इथे चुकीचा. का बरं?

रेवा: मैफलीत गाणारा आधीच ठरलेला असतो, बाकीचे ऐकायला येतात. पहिलीच कविता घेऊन आलेली मुलगी दारातच बिचकेल. तुमच्याकडे आयत्या वेळी नाव नोंदवता येतं ना?

अक्षरवेडा: हो, दारातच वही असते.

शब्दरक्षक: शिवाय मैफल उर्दू. 'काव्यसंध्या' म्हणा की!

रेवा: उर्दूतही तो अरबीतून आलाय, मूळ अर्थ लोक जमण्याची जागा. आता तो मराठीच. आणि 'काव्यसंध्या' वाचून गिटारवाला येईल? नावात निम्माच कार्यक्रम आहे.

दिगंत: निवेदनासाठी चारोळ्या हव्या असतील तर माझ्याकडे आहेत.

सुमनताई: चारोळ्या नकोत हो, नाव हवंय. आम्ही 'नवोदित मंच' ठेवलं होतं. पहिलं वर्ष छान गेलं. मग नेहमीचे लोक सरावले, त्यांना स्वतःला नवोदित म्हणवेना, आणि तेच आधी गळाले. नवे येत राहिले, पण त्यांना सांभाळून घेणारं कुणी उरलं नाही.

अक्षरवेडा: ताई, हे ध्यानात आलंच नव्हतं. आमची मंडळी आपसात नुसतं 'शेवटचा शनिवार' म्हणतात. तेच ठेवू?

रेवा: तारीख नावातच आली की वेगळी आठवण द्यावी लागत नाही, हा मोठा फायदा. पण वर्षात चार-पाच महिन्यांत पाच शनिवार येतात. मे २०२६ मध्ये शेवटचा ३० तारखेला आहे, तर २३ लाच काही जण येऊन परत जातील. 'पहिला शनिवार' ठेवलंत तर हा घोळ होत नाही. मात्र जागेचा वार बदलला की नाव खोटं पडतं.

शब्दरक्षक: मग 'कट्टा' ठेवा, अस्सल मराठी.

रेवा: तोही कन्नड 'कट्टे'वरून आलाय, पण सूचना पटली. 'कट्ट्यावर ये' सहज तोंडी येतं, आणि कट्ट्यावर कुणी पाहुणा नसतो. नेहमीच्यांना 'कट्टेकरी' म्हणता येईल.

सुमनताई: कट्टा म्हणजे टिवल्याबावल्या. कवितेच्या वेळी कोण गप्प बसणार?

शब्दरक्षक: साहित्य संमेलनातही कविकट्टा असतोच की.

सुमनताई: तिथेही मागे गप्पा चालूच असतात!

दिगंत: 'फड' का नको? फडकरी हा शब्द तयारच आहे.

रेवा: फड उभा राहिला की चढाओढ आलीच. एका कवितेनंतर दुसरी सरस की नीरस हे कुणी जोखू नये, असं मला वाटतं.

दिगंत: थोडी चढाओढ असली तरच लोक पुढच्या महिन्यात नवं लिहून आणतात.