मदत हवी आहे : मंगळवारच्या मुलाखतीसाठी खोटे न बोलता रजा कशी मागावी?

गोदाकाठ :
मी वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात गुणवत्ता विभागात सहा वर्षांपासून काम करतो. चाकणच्या एका कंपनीने मला येत्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता समक्ष मुलाखतीसाठी बोलावले आहे. संभाजीनगरहून पहाटेच निघावे लागेल, त्यामुळे दुसरी पाळी मागून घेऊनही भागणार नाही. आमची साप्ताहिक सुटी शुक्रवारी असते आणि किरकोळ रजा दोन शिल्लक आहेत.

दोन वर्षांपूर्वी अशाच कामासाठी मी आजी आजारी असल्याचे सांगितले होते. संध्याकाळी विभागातील दोघे जण डाळिंबे घेऊन बजाजनगरच्या खोलीवर आले आणि दार आजीनेच उघडले. त्यांच्यापैकी कोणीही मला पुढे काही बोलले नाही, पण ती पिशवी हातात घेताना जे वाटले ते पुन्हा नको आहे. या वेळी दुसरीही अडचण आहे. ज्या सहकाऱ्याच्या मोटारसायकलवर मी रोज कामावर जातो, त्याचे पाहुणे आमच्या व्यवस्थापकांच्या रोजच्या बैठकीतले आहेत. त्याला काय सांगावे?

परभणीकर :
रजा हक्काची आहे, कारण विचारण्याचा कोणाला अधिकार नाही. अर्जात ‘वैयक्तिक काम’ एवढेच लिहा. नाही मिळाली तर मंगळवारी सकाळी फोन करून अंगात ताप असल्याचे सांगा, कोणी घरी येऊन ताप मोजत नाही.

निवृत्त_मनुष्यबळ :
परभणीकर यांचे पहिले वाक्य अर्धेच बरोबर आहे. ‘वैयक्तिक काम’ हे कारण खरे आहे आणि बहुतेक ठिकाणी पुरेसेही ठरते, परंतु किरकोळ रजा मंजूर करणे वरिष्ठांच्या हाती असते आणि कामाची निकड दाखवून ती नाकारता येते. तापाचा सल्ला मात्र कृपया मानू नका. खोट्या आजारपणाची रजा उघड झाली तर ती गैरवर्तनात मोडू शकते, आणि राजीनाम्यानंतर कार्यमुक्तीचे पत्र ज्यांच्याकडून घ्यायचे आहे तेच लोक त्या वेळी दुखावलेले असतात.

वीस वर्षे रजेचे अर्ज हाताळल्यावर माझे मत असे झाले आहे, की व्यवस्थापक कारण विचारतो तेव्हा बहुधा त्याला ‘तुमचे काम त्या दिवशी कोण करणार’ हेच विचारायचे असते. त्याचे उत्तर अर्जातच द्या : “मंगळवारी वैयक्तिक कामासाठी एक दिवस किरकोळ रजा हवी आहे. त्या दिवशी पाठवायच्या मालाची तपासणी सोमवारी पूर्ण करून अहवाल पाळीप्रमुखांकडे देत आहे.” मग खरोखर सोमवारी ते काम पूर्ण करा.

त्याआधी चाकणला आजच विचारा, की मुलाखत शुक्रवारी ठेवता येईल का. तिकडे अनेक कारखान्यांची सुटी गुरुवारी असते, त्यामुळे तुमची सुटी त्यांच्या कामाच्या दिवशी येऊ शकते. नियुक्तीपत्र हाती येईपर्यंत सध्याच्या कंपनीत चौकशी करू नये, हेही त्यांना लेखी कळवा. बातमी फुटते ती पुष्कळदा या वाटेने.

हिंगोलीची_शिक्षिका :
मी जिल्हा परिषदेत आहे. दुसऱ्या शासकीय पदासाठी अर्ज करायचा तर आम्हाला कार्यालयामार्फत जावे लागते आणि ना हरकत प्रमाणपत्र मागावे लागते, म्हणजे मुलाखतीआधीच साऱ्या शाळेला कळते. तुम्ही ते प्रमाणपत्र घेतले आहे का?

निवृत्त_मनुष्यबळ :
ताई, यांची नोकरी खासगी आहे, तेथे मुलाखतीला जाण्यासाठी असे प्रमाणपत्र सहसा लागत नाही. तुमच्या प्रश्नासाठी वेगळा धागा काढावा.

सावली :
सहकाऱ्याविषयी कोणीच बोलले नाही. रोज ज्याच्या मागे बसून जाता त्याला ‘सहज गावी जातो’ म्हणू नका. “माझे एक खासगी काम आहे, आत्ता सांगता येत नाही, सांगण्यासारखे झाले की सर्वांत आधी तुला सांगेन” एवढे म्हणा आणि तो शब्द पाळा.

निवृत्त_मनुष्यबळ :
मला हे पटत नाही. ‘आत्ता सांगता येत नाही’ म्हटले की ऐकणाऱ्याला नोकरीचाच संशय येतो. ‘खासगी काम आहे’ येथेच थांबावे.

सावली :
येऊ दे संशय. संशय आला म्हणून मैत्री तुटत नाही, पण नंतर खोटे उघडे पडले तर तुटते.

गोदाकाठ :
सर्वांचे आभार. चाकणला विचारले, परंतु त्यांचे विभागप्रमुख मंगळवारीच उपलब्ध आहेत. अर्ज सुचवल्याप्रमाणेच लिहिला. व्यवस्थापकांनी बोलावून विचारले, “घरी सगळे ठीक आहे ना?” मी म्हणालो, “हो साहेब, सगळे बरे आहेत, काम माझे स्वतःचे आहे.” त्यांनी तपासणी कोणत्या यंत्रावरच्या मालाची राहिली आहे एवढे विचारले आणि रजा मंजूर केली.

सहकाऱ्याशी अजून बोललो नाही. उद्या सकाळी साडेसहाला तो कोपऱ्यावर येईल. सावली यांचे वाक्य म्हणावे असे वाटते, परंतु ‘सर्वांत आधी तुला’ हा शब्द मला पाळता येईल का, याची अजून खात्री होत नाही.