मदत हवी आहे: डीलरच्या जेवणात बोलणं सुरू झालं, पण पुढे काय करू?

जालन्यात एका बियाणे कंपनीत सेल्स ट्रेनी आहे, चौथा महिना. डीलर मंडळींसोबतच्या रात्रीच्या जेवणांची मला धास्ती वाटते. कार्ड देऊन वाणाची माहिती सांगून पाहिली. लोक मान हलवून ताटाकडे वळायचे.

परवा मात्र परतूरकडच्या एका काकांना, खरंच माहीत नव्हतं म्हणून, विचारलं, "गेल्या खरिपात दुकानात कोणता माल पडून राहिला?" ते भाकरी मोडता मोडता थांबले आणि वीस मिनिटं बोलले. सोयाबीनच्या थैल्या हमालांनी आपटून उतरवल्या होत्या. सोयाबीनची साल पातळ, दाणा आतून दुखावतो, दिसत नाही. उगवण कमी आली, गिऱ्हाईक दारात येऊन बोलून गेलं आणि उरलेल्या थैल्या कुणी घेईना. मी टिपून घ्यायला मोबाईल काढला, तसे काका गप्प झाले.

माल परत घेणं किंवा सूट देणं माझ्या हातात नाही, त्यामुळे शब्द देता येत नाही. या लाईनमधल्या जुन्या लोकांनो, असं ऐकलेलं तुम्ही कधी टिपता? आणि दुकानात गेल्यावर तो विषय मी काढावा, की त्यांनी काढेपर्यंत थांबावं?