'पुढची पट्टी' म्हणजे नेमकी कुठली?

मंजिरी_क
बी.एस्सी.च्या प्रकाशशास्त्राच्या प्रयोगवहीचं मराठी करतेय आणि जोन्सच्या मॅट्रिक्सवरच्या प्रकरणात अडकलेय. पोलरायझर आणि वेव्हप्लेटा एकामागून एक ठेवल्या की प्रत्येकीचा मॅट्रिक्स कुठे लिहायचा, याचं वाक्य मी असं केलं: 'प्रत्येक पुढच्या घटकाचा मॅट्रिक्स आधीच्या मॅट्रिक्सच्या डावीकडे लिहावा.' तपासणाऱ्या बाईंनी 'पुढच्या' या शब्दाखाली लाल रेघ मारली. त्यांचं म्हणणं, विद्यार्थी डोळा लावून बसलेला असतो, त्याच्या पुढची पट्टी म्हणजे डोळ्याजवळची आणि तिच्या पुढची म्हणजे दिव्याकडची. मी दिव्याकडून मोजत होते, त्या डोळ्याकडून. तसं वाचलं तर सगळा गुणाकार उलटा होतो. 'पुढचा' ठेवू की काढू? काढला तर काय घालू?

वऱ्हाडी_माणूस
आमच्याकडे हा प्रश्नच येत नाही. आम्ही 'समोरची' म्हणतो. समोरच्या महिन्यात लग्न आहे, समोरच्या चौकात वळा. प्रकाश समोर जातो, समोरची पट्टी लागते. झालं.

सदाशिव_पेठकर
वऱ्हाडीभाऊ, आमच्या पुण्यात 'समोरची' म्हणजे रस्त्यापलीकडची. तुमच्या महिन्याचं ऐकून मी एकदा कॅलेंडर उलटं धरलं होतं.

नीरज_ल
एवढं कशाला? क्रमाने काय फरक पडतो? प्रकाशाची वाट उलटवता येते. दोन पोलरायझर घ्या, दिवा इकडून लावा की तिकडून, तेवढाच उजेड येतो. मी स्वतः करून पाहिलंय. वाक्यातला तो भागच गाळा.

जुना_डेमॉन्स्ट्रेटर
नीरज, दोन साधे पोलरायझर आणि साधा बल्ब असेल तर तुझं खरं आहे. बल्बचा प्रकाश कुठल्याच दिशेचा नसतो, त्यामुळे कुठूनही घाल, मधल्या कोनाच्या कोसाइनचा वर्ग आणि त्याचं निम्मं, एवढंच बाहेर येतं. पण आत जाणारा प्रकाशच एका दिशेला ध्रुवित असला की गोष्ट बदलते. लेसरचा प्रकाश आडवा ध्रुवित घे. वाटेत पहिला पोलरायझर आडवा, मग ४५ अंशांवरचा, मग उभा. बाहेर पाव तीव्रता येते. तेच तीन उलट क्रमाने लाव, पहिलाच उभा पोलरायझर सगळा प्रकाश खाऊन टाकतो, मागचे दोघे नुसते उभे. मुलं मॅट्रिक्स प्रकाशाच्या क्रमाने डावीकडून उजवीकडे लिहीत जातात, उत्तर शून्य काढतात, आणि पडद्यावर ठिपका लख्ख दिसत असतो. वर्षानुवर्षं हेच पाहिलं.

मंजिरीताई, मी मुलांना 'पुढचा-मागचा' कधीच सांगितलं नाही. 'जो मॅट्रिक्स व्हेक्टरला चिकटलेला, त्याला प्रकाश पहिल्यांदा भेटला' असं सांगायचो. व्हेक्टर उजव्या टोकाला, म्हणून रांग उजवीकडून वाचायची.

कुहू_फोटो
काका, विषयांतर होतंय का माहीत नाही, पण माझ्या कॅमेऱ्याचा सर्क्युलर पोलरायझर हेच करतो! लॅपटॉपच्या स्क्रीनसमोर धरून फिरवला तर एका बाजूने बघताना स्क्रीन पार काळी होते. उलटा धरून फिरवला तर काळी होतच नाही, नुसता रंग थोडा पिवळट-निळसर होतो. दुकानदार म्हणाला फिल्टर खराब आहे, नवा घ्या.

सदाशिव_पेठकर
'सर्क्युलर' म्हणजे गोल ना? फिल्टर तर सगळेच गोल असतात. मराठीत 'वर्तुळाकार ध्रुवक' लिहिलं की वाचणारा काचेचा आकार समजणार. मंजिरीताई, हेही वहीत असेल तर आत्ताच सावध व्हा.

जुना_डेमॉन्स्ट्रेटर
कुहू, फिल्टर ठणठणीत आहे, पैसे वाचव. आणि विषयांतर अजिबात नाही, मंजिरीताईंच्या वाक्याला याहून चांगलं उदाहरण मिळायचं नाही.

त्या फिल्टरमध्ये दोन थर चिकटवलेले असतात. दृश्याकडे तोंड केलेला साधा पोलरायझर, आणि लेन्सकडच्या बाजूला, म्हणजे ज्या बाजूचे आटे लेन्सवर बसतात तिकडे, पाव तरंगाची पट्टी, तिचा अक्ष पोलरायझरशी ४५ अंशांवर. पोलरायझरच्या दिशेला x म्हणू. स्क्रीनचा प्रकाश एका दिशेला ध्रुवित असतो, तो पोलरायझरशी θ कोन करतो. सगळ्या मॅट्रिक्सला लागणारा सामाईक फेज सोडून दिला, त्याने तीव्रता बदलत नाही.

```
P = [ 1  0 ]     Q = 1/√2 [  1  -i ]     E = [ cosθ ]
    [ 0  0 ]              [ -i   1 ]         [ sinθ ]

Q·P·E  →  तीव्रता cos²θ
P·Q·E  →  तीव्रता 1/2
```

आट्यांची बाजू डोळ्याकडे असेल तर प्रकाशाला P आधी भेटतो. sinθ तिथेच मरतो, cosθ उरतो. मग Q त्याचं वर्तुळ करतो, पण तीव्रतेला हात लावत नाही. फिरवत गेलं की cos²θ शून्यावर येतो आणि स्क्रीन काळी.

आट्यांची बाजू स्क्रीनकडे केली की Q आधी. त्यातून निघालेल्या व्हेक्टरचा वरचा घटक (cosθ − i·sinθ)/√2. P फक्त तोच ठेवतो. त्याच्या मापाचा वर्ग काढ: cos² अधिक sin², भागिले दोन. θ नाहीसाच झाला! म्हणून कितीही फिरव, उजेड निम्माच. दोन्ही वेळेला काचा त्याच, फक्त कोण आधी भेटलं एवढाच फरक.

नीरज_ल
थांबा. फिल्टर उलटा धरला म्हणजे पट्टीसुद्धा आरशातल्यासारखी उलटी झाली. ४५ चा कोन उणे ४५ व्हायला हवा. तुम्ही Q तोच ठेवलात.

जुना_डेमॉन्स्ट्रेटर
शाब्बास, हे बरोबर पकडलंस. उलटल्यावर Q मधले −i चे +i होतात. वरचा घटक cosθ + i·sinθ होतो. मापाचा वर्ग तोच, म्हणून उत्तर वाचलं. अर्धतरंगाची पट्टी दुसऱ्या एखाद्या कोनावर असती तर वाचलं नसतं, तेव्हा सवय म्हणून तपासायचंच.

आणि कुहूला दिसलेला पिवळा-निळा: पाव तरंग हा एका ठरावीक तरंगलांबीपुरताच पाव असतो. बाकी रंगांसाठी पट्टी पावापेक्षा थोडी कमी किंवा जास्त भरते, त्यांचा 'निम्मा' थोडा कोनावर अवलंबून राहतो. लाल आणि निळा वेगवेगळ्या प्रमाणात हलले की छटा बदलते. वरचा हिशोब एकाच रंगाचा आहे.

भास्कर_ज
माझ्या फोनवर आत्ता करून पाहिलं, चष्मावाल्याने दिलेल्या पोलराइज्ड गॉगलने. कुठल्याच बाजूने काळा होत नाही. मग सगळं गणित खोटं का?

जुना_डेमॉन्स्ट्रेटर
भास्करराव, गॉगलमध्ये नुसता पोलरायझर असतो, पाव तरंगाची पट्टी नाही, म्हणून त्याला उलटसुलट नाही. आणि गॉगल घालूनही वाचता यावं म्हणून काही फोनच्या काचेवर आणखी एक थर देतात, त्यातून निघणारा प्रकाश एका दिशेचा राहत नाही. साध्या कॅल्क्युलेटरच्या आकड्यांवर पाहा, तिथे दिसेल.

शुद्ध_मराठी
इतका वेळ वाचतोय. पोलरायझर, वेव्हप्लेट, मॅट्रिक्स, फेज, व्हेक्टर. मराठीत प्रयोगवही करायची आणि शब्द एक मराठी नाही. ध्रुवक, तरंगपट्टिका, सदिश, कला असे शब्द आहेत. मग लाज कसली?

मंजिरी_क
शुद्ध, 'कला' लिहिलं की मुलं चित्रकला समजतात. 'आव्यूह' लिहिला तर ते हिंदी आहे म्हणून दुसरीकडून लाल रेघ येते. 'ध्रुवण' मात्र मी ठेवलंय. 'ध्रुवीकरण' लिहिलं तर निवडणूक आठवते.

शुद्ध_मराठी
ध्रुव म्हणजे अढळ. ध्रुवित प्रकाश म्हणजे ज्याची दिशा अढळ झाली तो. आपला शब्द मूळ इंग्रजीपेक्षा नेमका आहे.

जुना_डेमॉन्स्ट्रेटर
ऐकायला छान आहे, पण मूळ कल्पना ध्रुवताऱ्याची नव्हे, चुंबकाच्या ध्रुवांची. माल्यूसने १८०८ मध्ये पॅरिसला लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परावर्तित झालेला मावळतीचा सूर्य कॅल्साइटच्या खड्यातून पाहिला, खडा फिरवताना दोन प्रतिमांची प्रखरता कमीजास्त होताना दिसली. प्रकाशकणांना बाजू असाव्यात, चुंबकाला ध्रुव असतात तशा, असं त्याला वाटलं. शिवाय वर्तुळाकार ध्रुवित प्रकाशाची दिशा तर सतत फिरत असते. तिथे तुमचं 'अढळ' कुठे बसवायचं?

शुद्ध_मराठी
फिरण्याची रीत अढळ असते.

सदाशिव_पेठकर
हे मान्य करायला हवं, वाद घालावा तर असा.

कुहू_फोटो
'पाव तरंगाची पट्टी' मला आवडलं. 'चतुर्थांश' वाचून मला आधी वाटलं होतं की ती पाऊण उजेड अडवते. पट्टी उजेड अडवत नाहीच ना?

जुना_डेमॉन्स्ट्रेटर
आदर्श पट्टी अजिबात नाही. प्रकाशाचे दोन घटक वेगवेगळ्या वेगाने जातात, एक दुसऱ्याच्या पाव तरंग मागे पडतो, इतकंच. हा 'पाव' मागे पडण्याचा आहे, उजेडाचा नाही. 'पावतरंग पट्टी' लिहा, कुणी वडा मागायला येणार नाही.

मंजिरी_क
काका, मग वर्तुळ उजवं की डावं, तिथेही माझी हीच पंचाईत आहे. वहीत 'उजव्या हाताचं वर्तुळ' लिहिलंय. कुठून बघून उजवं?

जुना_डेमॉन्स्ट्रेटर
प्रकाशशास्त्राच्या बऱ्याच पुस्तकांत, प्रकाश आपल्याकडे येतोय असं उभं राहून पाहायचं, काट्याप्रमाणे फिरला तर उजवं. रेडिओवाले प्रकाशाच्या मागे उभे राहून पाहतात, त्यांचं नेमकं उलट. शिवाय −i की +i हे फेज कसा लिहिला यावरही ठरतं. त्यामुळे वहीच्या पहिल्या पानावर 'आम्ही इकडून पाहतो' असं लिहून ठेवा. नाही लिहिलं तर भांडण ठरलेलं.

नीरज_ल
बल्बच्या प्रकाशासाठी E काय लिहायचा पण? मघाशी तुम्ही बल्बचं उदाहरण दिलंत.

जुना_डेमॉन्स्ट्रेटर
लिहिताच येत नाही. जोन्सची १९४१ ची ही पद्धत फक्त पूर्ण ध्रुवित प्रकाशाची. बल्बसाठी आडव्याचं उत्तर आणि उभ्याचं उत्तर वेगळं काढून तीव्रतांची सरासरी घे, नाहीतर म्यूलरचे चार बाय चारचे मॅट्रिक्स घे. कुहूचा फिल्टर बल्बसमोर कुठल्याही बाजूने धरलास तरी निम्माच उजेड येईल. तुझं पहिलं म्हणणं तिथे चालतं.

मंजिरी_क
आता असं केलंय: 'प्रकाशाला जो घटक आधी भेटतो त्याचा मॅट्रिक्स व्हेक्टरला लागून लिहावा, नंतर भेटणाऱ्यांचे क्रमाने डावीकडे लिहीत जावे.' 'पुढचा' काढून टाकला. बाईंना पाठवते.

शुद्ध_मराठी
'भेटतो' प्रयोगवहीत? प्रकाश काय पाहुणा आहे?

वऱ्हाडी_माणूस
आम्ही 'लागतो' म्हणतो. समोर पट्टी लागते.

सदाशिव_पेठकर
पुन्हा समोर!